दुसऱ्या वर्षीचे वीस कोटी

ऑक्टोबर १९५५ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या ‘जर्नल ऑफ बिझनेस’ या नियतकालिकात जेम्स लॉरी आणि लिओनार्ड सॅव्हेज यांचा एक लेख छापून आला. लॉरी बिझनेस स्कूलमध्ये शिकवत, सॅव्हेज संख्याशास्त्रज्ञ. कंपनीसमोर फायद्याचे प्रकल्प अनेक आहेत, पण पैसा ठरावीकच आहे. तेव्हा कोणते घ्यायचे आणि कोणते सोडायचे, हा लेखातला एक प्रश्न होता. तो समजावण्यासाठी त्यांनी नऊ प्रकल्पांचं एक उदाहरण मांडलं. आठ वर्षांनी मार्टिन वाइनगार्टनर यांनी आपल्या पुस्तकात तेच उदाहरण घेऊन त्यावर लीनिअर प्रोग्रॅमिंग लावून दाखवलं, आणि तेव्हापासून भांडवली खर्चाचं नियोजन शिकवताना हे नऊ प्रकल्प पुन्हा पुन्हा वापरले जातात. आकडे इतके लहान आहेत की कागद-पेन्सिल घेऊन कुणीही पडताळून पाहू शकतो. म्हणून मीही तेच घेतो. सोयीसाठी त्यांना कोटी रुपयांचं एकक लावू.

आधी एक संज्ञा स्पष्ट करून घेऊ. प्रकल्पातून पुढच्या वर्षांत येणारा पैसा आजच्या पैशाइतक्या मोलाचा नसतो. दहा टक्के दराने पाहिलं तर वर्षाने मिळणारे ११० रुपये म्हणजे आजचे १००. येणारा सगळा पैसा असा आजच्या मोलात आणायचा, जाणारा पैसाही तसाच आणायचा आणि वजाबाकी करायची. उरतं ते निव्वळ वर्तमान मूल्य. व्यवहारात सगळे एनपीव्हीच म्हणतात. ते शून्याच्या वर असेल तर प्रकल्प भांडवलाचा खर्च भरून काढून वर काहीतरी देतो. पैशाची ददात नसेल तर नियम सोपा आहे: एनपीव्ही शून्याच्या वर असलेला प्रत्येक प्रकल्प घ्या. अडचण पैसा मोजका असतो तेव्हा सुरू होते, आणि तो एका नव्हे तर सलग दोन-तीन वर्षं मोजका असतो तेव्हा ती खरी अवघड होते.

हे ते नऊ प्रकल्प. सगळे आकडे आजच्या मोलात, कोटी रुपयांत.

| प्रकल्प | पहिल्या वर्षीचा खर्च | दुसऱ्या वर्षीचा खर्च | एनपीव्ही |
|---|---|---|---|
| १ | १२ | ३ | १४ |
| २ | ५४ | ७ | १७ |
| ३ | ६ | ६ | १७ |
| ४ | ६ | २ | १५ |
| ५ | ३० | ३५ | ४० |
| ६ | ६ | ६ | १२ |
| ७ | ४८ | ४ | १४ |
| ८ | ३६ | ३ | १० |
| ९ | १८ | ३ | १२ |

कंपनीकडे पहिल्या वर्षी ५० कोटी आहेत आणि दुसऱ्या वर्षी २०. नऊही प्रकल्पांचा एनपीव्ही शून्याच्या वर आहे, म्हणजे एकही वाईट नाही. पण सगळे घ्यायचे तर पहिल्याच वर्षी २१६ कोटी लागतील.

बहुतेक कंपन्यांत अशा वेळी जे होतं ते आधी करून पाहू. यंदाच्या बजेटची बैठक बसते. समोर यंदाचे ५० कोटी असतात, म्हणून यंदाच्या दर रुपयामागे किती एनपीव्ही मिळतो हे पाहून प्रकल्पांना क्रम लावला जातो. तिसरा प्रकल्प ६ कोटींत १७ देतो, म्हणून तो पहिला. मग चौथा, मग सहावा. त्यानंतर पाचव्याचा नंबर लागतो: ३० कोटींत ४०, शिवाय यादीतला सगळ्यात मोठा एनपीव्ही. चौघांचा मिळून यंदाचा खर्च ४८ कोटी, म्हणजे बजेटात बसला. एकूण एनपीव्ही ८४. बैठक समाधानाने संपते.

बारा महिन्यांनी बिलं येतात. तिसऱ्या प्रकल्पाला ६, चौथ्याला २, सहाव्याला ६ आणि पाचव्याला ३५ कोटी लागतात. बेरीज ४९, हातात २०. एकोणतीस कोटींचं भगदाड पडलं आणि ते जवळजवळ सगळं पाचव्या प्रकल्पाने पाडलेलं आहे. आता तो अर्धवट थांबवायचा, की चारही प्रकल्पांना थोडं थोडं देऊन सगळेच रखडवायचे? यातलं काहीही केलं तरी ८४ हा आकडा हातून गेला, कारण काम वेळेत पूर्ण होऊन उत्पन्न वेळेत सुरू होईल हे धरूनच तो काढला होता.

महाराष्ट्राला हे चित्र सिंचनाच्या निमित्ताने परिचयाचं आहे. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, तेव्हाचा मूळ अंदाज सुमारे ३७२ कोटींचा होता. २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि पुढे अंदाजित खर्च अठरा हजार कोटींच्या वर गेला. त्यात भूसंपादन, पुनर्वसन, महागाई, कामांचा वाढलेला पसारा अशी अनेक कारणं आहेत, आणि सरकारी धरण निव्वळ एनपीव्हीवर ठरत नाही हेही खरं. पण एक कारण देशभरच्या सिंचनात सारखंच दिसतं: पुढच्या वर्षांच्या पैशाला पेलतील त्याहून जास्त कामं एकाच वेळी सुरू झाली आणि दरवर्षीचा निधी सगळ्यांत विभागला गेला. अशी अर्धवट कामं पूर्ण व्हावीत म्हणून केंद्राला १९९६-९७ मध्ये त्वरित सिंचन लाभ कार्यक्रम वेगळा काढावा लागला.

पुन्हा नऊ प्रकल्पांकडे येऊ. बैठकीने हिशेब चुकीचा केला नाही. तिने एकाच वर्षाचा हिशेब केला. एका वर्षाची मर्यादा असेल तर दर रुपयामागच्या एनपीव्हीने क्रम लावणं ही रीत चांगली चालते. दोन वर्षांच्या मर्यादा असल्या की ‘दर रुपयामागे’ म्हणजे कोणत्या वर्षीच्या रुपयामागे, हा प्रश्न उभा राहतो. पहिल्या वर्षाच्या रुपयाने क्रम लावला तर पाचवा प्रकल्प चौथ्या जागी येतो. दुसऱ्या वर्षाच्या रुपयाने लावला तर तो शेवटच्या, म्हणजे नवव्या जागी जातो. दोन्ही क्रम बरोबरच आहेत. कोणत्या वर्षाच्या रुपयाला किती वजन द्यायचं, एवढंच ठरलेलं नाही.

लॉरी आणि सॅव्हेज यांनी नेमका हाच धागा पकडला. त्यांनी प्रत्येक वर्षाच्या रुपयाला एक किंमत लावली. ती बँकेच्या व्याजासारखी बाहेरून आलेली नव्हती. कंपनीच्या आतल्या टंचाईतून काढायची किंमत होती. समजा पहिल्या वर्षाच्या कोटीची किंमत एक तृतीयांश धरली आणि दुसऱ्या वर्षाच्या कोटीची १. आता प्रत्येक प्रकल्पाच्या एनपीव्हीतून त्याने वापरलेल्या पैशाची ही किंमत वजा करायची. पहिला प्रकल्प: १४ मधून १२ चा एक तृतीयांश, म्हणजे ४, आणि दुसऱ्या वर्षाचे ३ गेले, उरले ७. ठेवा. पाचवा: ४० मधून १० आणि ३५ गेले, उणे ५. सोडा. सगळ्या नऊ प्रकल्पांना ही चाळणी लावली तर १, ३, ४, ६ आणि ९ हे पाच अधिकात राहतात, बाकीचे चार उण्यात जातात. निवडलेल्या पाचांचा पहिल्या वर्षाचा खर्च ४८ कोटी, दुसऱ्या वर्षाचा बरोबर २० आणि एनपीव्ही ७०.

किंमती कमी धरल्या तर जास्त प्रकल्प चाळणीतून पार होतात आणि बजेट फुटतं. जास्त धरल्या तर पैसा पडून राहतो. म्हणून दोन्ही किंमती थोड्या थोड्या वरखाली करत जायचं, दोन्ही वर्षांचा पैसा मर्यादेत राहून शक्य तितका वापरला जाईपर्यंत. दोन वर्षांसाठी हे हाताने जमतं. पाच वर्षं आणि साठ प्रकल्प असले तर हा खेळ संपतच नाही.

तिथे लीनिअर प्रोग्रॅमिंग उपयोगी पडतं. त्याचं मूळ वेगळ्याच कामात आहे. लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये लेनिनग्राडमध्ये प्लायवुड उद्योगाच्या प्रश्नातून ही कल्पना मांडली, आणि १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग यांनी अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनासाठी काम करताना सिंप्लेक्स ही सोडवण्याची रीत शोधली. आपल्या कंपनीचा प्रश्न त्या भाषेत असा लिहायचा: प्रत्येक प्रकल्प किती प्रमाणात घ्यायचा हे अज्ञात आहे. शून्य म्हणजे घ्यायचा नाही, एक म्हणजे पूर्ण घ्यायचा. दोन्ही वर्षांचा खर्च बजेटच्या आत राहिला पाहिजे.

```
12x1 + 54x2 + 6x3 + 6x4 + 30x5 + 6x6 + 48x7 + 36x8 + 18x9 <= 50
 3x1 +  7x2 + 6x3 + 2x4 + 35x5 + 6x6 +  4x7 +  3x8 +  3x9 <= 20
0 <= xi <= 1
```

या अटी पाळून एनपीव्हींची बेरीज जास्तीत जास्त करायची. एक्सेलमध्ये हे दहा मिनिटांचं काम आहे. एका रांगेत नऊ रिकामे कप्पे ठेवायचे, एकूण खर्च आणि एकूण एनपीव्ही `SUMPRODUCT` ने काढायचे आणि `Solver` मध्ये `Simplex LP` ही पद्धत निवडायची.

उत्तर येतं ७०.२७. त्यात १, ३, ४ आणि ९ हे प्रकल्प पूर्ण घेतलेले असतात, सहावा ९७ टक्के आणि सातवा साडेचार टक्के. दोन्ही वर्षांचा पैसा शेवटच्या रुपयापर्यंत संपतो.

साडेचार टक्के प्रकल्प म्हणजे काय, असं कुणीही विचारेल. कारखान्याचा विसावा हिस्सा बांधता येत नाही. पण हे अपूर्णांक किती येतील याला एक मर्यादा आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. समजा तीन प्रकल्प अपूर्णांकात आले आणि बजेटच्या अटी मात्र दोनच आहेत. मग त्या तिघांची प्रमाणं अशा रीतीने थोडी थोडी बदलता येतात की दोन्ही वर्षांचा एकूण खर्च जसाच्या तसा राहील. एका दिशेने बदललं की एकूण एनपीव्ही वाढेल, कमी होईल किंवा तेवढाच राहील. कमी होत असेल तर उलट दिशेने जायचं. तोटा न होता असं सरकत राहिलं की तिघांतला एक कधी ना कधी शून्याला किंवा एकाला जाऊन टेकतो. म्हणून जितक्या वर्षांच्या मर्यादा, जास्तीत जास्त तितकेच प्रकल्प अपूर्णांकात उरतात. हे वाइनगार्टनर यांनी दाखवलं. साठ प्रकल्प आणि पाच वर्षं असतील तर निदान पंचावन्न प्रकल्पांचा निकाल हो किंवा नाही असा स्वच्छ लागतो. विचारविनिमय करायचा उरतो तो फार तर पाच प्रकल्पांचा, आणि मोठ्या संचालक मंडळासाठी हा मोठाच दिलासा आहे.

आपल्या उदाहरणात सहावा प्रकल्प पूर्ण करून सातवा सोडला की लॉरी-सॅव्हेज यांची ७० ची निवड हाती येते. मात्र जवळच्या पूर्णांकाकडे ढकलणं ही सर्वसाधारण रीत नव्हे. ९७ टक्के प्रकल्प शंभर टक्के केला की कुठल्यातरी वर्षाचा पैसा कमी पडू शकतो. इथे तो सातव्याच्या साडेचार टक्क्यांतून मोकळा झाला, म्हणून निभावलं. हमखास उत्तर हवं असेल तर कप्प्यांना `bin` ही अट लावायची. मग सॉल्व्हर शून्य किंवा एक एवढेच पर्याय पाहतो. तिथे दोन खुंट्या तपासाव्या लागतात. सॉल्व्हरच्या पर्यायांत पूर्णांकांसाठी सहनशीलतेची टक्केवारी असते आणि ती मुळात १ ठेवलेली असते. म्हणजे सर्वोत्तमाच्या एक टक्का जवळ आलं तरी तो थांबू शकतो. आपल्या ७० कोटींवर एक टक्का म्हणजे ७० लाख. ती शून्य करावी. त्याच खिडकीत पूर्णांकाच्या अटी दुर्लक्षित करण्याचा एक चौकोन आहे. त्यावर खूण राहून गेली असेल तर उत्तरात ०.९७ सारखा आकडा परत दिसतो. तो दिसला की समजावं काय झालं आहे.

लीनिअर प्रोग्रॅमिंग निवडीबरोबर आणखी एक गोष्ट देतं, आणि माझ्या मते निवडीपेक्षा तीच जास्त कामाची आहे. लॉरी आणि सॅव्हेज ज्या किंमती चाचपडत शोधत होते त्या इथे आपोआप निघतात. त्यांना छाया किंमती म्हणतात. सॉल्व्हरच्या `Sensitivity Report` मध्ये त्या `Shadow Price` या रकान्यात असतात. आपल्या कंपनीसाठी त्या आहेत: पहिल्या वर्षाच्या कोटीला ०.१४ आणि दुसऱ्या वर्षाच्या कोटीला १.८६.

या दोन आकड्यांवर थोडं थांबू या. पहिल्या वर्षी एक कोटी जास्त मिळाला तर एकूण एनपीव्ही १४ लाखांनी वाढेल. दुसऱ्या वर्षी मिळाला तर १ कोटी ८६ लाखांनी, म्हणजे तेरा-चौदा पटींनी जास्त. कंपनीची अडचण दुसऱ्या वर्षी आहे. पहिल्या वर्षाचं बजेट अडीच पट मोठं असल्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडे जातं, पण खरी चिमूट दुसऱ्या वर्षाच्या वीस कोटींत आहे. पाचवा प्रकल्प का बाहेर गेला हेही इथेच कळतं: त्याच्या दुसऱ्या वर्षाच्या ३५ कोटींना १.८६ ने गुणलं तर ६५ होतात, आणि तो देतो फक्त ४०. ज्याचा प्रकल्प नाकारला त्या विभागप्रमुखाला ‘तुमचा प्रकल्प चांगला नव्हता’ असं सांगणं चुकीचं ठरेल. तुमचा प्रकल्प सर्वात टंचाईच्या वर्षी सर्वात जास्त पैसा मागतो, हे खरं उत्तर आहे, आणि ते ऐकून त्याला काही करताही येतं: खर्चाचा मोठा हप्ता तिसऱ्या वर्षावर ढकलता येईल का, कंत्राटदाराशी वेगळी बोलणी होतील का, यंत्र विकत घेण्याऐवजी भाड्याने घेता येईल का. असा प्रत्येक बदल प्रकल्पाची नवी आवृत्ती म्हणून गणितात घालता येतो. दोन आवृत्त्यांपैकी एकच निवडायची असेल तर त्यांच्या प्रमाणांची बेरीज एकाच्या वर जाऊ नये, ही अट पुरते. एक प्रकल्प दुसऱ्याशिवाय निरुपयोगी असेल तर त्याचं प्रमाण दुसऱ्याच्या प्रमाणापेक्षा जास्त होऊ नये, असं लिहायचं.

पैसा एका वर्षातून पुढच्या वर्षात नेण्याचंही तसंच. निवडलेल्या पाच प्रकल्पांत पहिल्या वर्षाचे दोन कोटी उरतात. कंपनी ते ठेवून पुढे वापरू शकत असेल तर पुढे नेलेली रक्कम हे आणखी एक अज्ञात धरायचं. आजच्या मोलात मोजल्यावर पुढे नेलेला कोटी कोटीच राहतो की थोडा झिजतो, हे त्या पैशाला मधल्या काळात मिळणाऱ्या व्याजावर ठरतं. सरकारी खात्यात ३१ मार्चला न वापरलेला निधी परत जातो. तिथे हा अज्ञात शून्य धरावा लागतो. लवकर सुरू होणाऱ्या प्रकल्पाचं उत्पन्न दुसऱ्याच वर्षी येऊ लागत असेल तर त्या वर्षाच्या खर्चाच्या जागी उणे आकडा येतो आणि तो प्रकल्प इतरांसाठी पैसा निर्माण करतो. हे आकडे हप्त्यांच्या वेळापत्रकातून काळजीपूर्वक काढावे लागतात. चुका बहुधा इथेच होतात, सिंप्लेक्समध्ये नाही.

छाया किमतीतही एक सापळा आहे. दुसऱ्या वर्षी एक कोटी जास्त मिळाला तर १.८६ मिळतील असं मी वर म्हटलं. प्रत्यक्षात बजेट २० चं २१ करून गणित पुन्हा सोडवलं तर एनपीव्ही ७०.२७ वरून ७१.३८ होतो, वाढ फक्त १.११. कारण १.८६ हा भाव वीस कोटींच्या पुढे जेमतेम १७ लाखांपर्यंतच टिकतो. तेवढ्यात सहावा प्रकल्प शंभर टक्के होतो, आणि त्यापुढचा पैसा पाचव्या आणि सातव्या प्रकल्पांच्या तुकड्यांत जातो. तिथे भाव ०.९६ वर येतो. `Sensitivity Report` मध्ये छाया किमतीच्या शेजारीच `Allowable Increase` हा रकाना असतो. तो न पाहता छाया किमतीवर कर्जाचा निर्णय घेणं धोक्याचं आहे.

पूर्ण प्रकल्पांचा विचार केला तर चित्र याहून वेगळं दिसतं. `bin` ची अट असताना दुसऱ्या वर्षाचं बजेट २१ केलं तरी सर्वोत्तम निवड तीच, ७० ची. २५ केलं तरी तीच, ४० केलं तरी तीच. पहिल्या वर्षाच्या ५० कोटींत बसणाऱ्या आणि पाचवा प्रकल्प नसलेल्या कोणत्याही निवडीचा एनपीव्ही ७० च्या वर जातच नाही. आणि पाचव्याला एकट्यालाच दुसऱ्या वर्षी ३५ लागतात. त्याला तिसऱ्या आणि चौथ्याची जोड देऊन ७२ गाठायचे तर दुसऱ्या वर्षी ४३ कोटी हवेत. वीसपासून बेचाळीसपर्यंतचा प्रत्येक जादा कोटी वाया आहे. म्हणून पूर्णांकाच्या गणितात एका कोटीची छाया किंमत असा नेमका आकडा सांगताच येत नाही, आणि `bin` असताना सॉल्व्हर तो अहवाल देतही नाही.

वाइनगार्टनर यांनी १९७७ मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये या विषयावर पुन्हा लिहिलं आणि टंचाई येते कुठून, याकडे लक्ष वेधलं. रुपया टाकल्यावर खर्च भरून निघून वर १.८६ मिळत असतील तर बाजार कंपनीला पैसा का देत नाही? बरेचदा उत्तर असं असतं की बाजाराने मर्यादा घातलेलीच नसते. ती मुख्य कार्यालयाने विभागांना शिस्त लावण्यासाठी किंवा एकाच वेळी किती कामं सांभाळता येतील याचा अंदाज घेऊन घातलेली असते. मर्यादा कुणी घातली हे कळल्याशिवाय छाया किंमत कुणासमोर ठेवायची हेच कळत नाही. इंजिनिअर आणि प्रकल्प व्यवस्थापक कमी असतील तर पैशाऐवजी माणसांच्या महिन्यांची अट लिहावी. मग छाया किंमत त्या महिन्यांची निघते.

आपल्या नऊ प्रकल्पांच्या कंपनीने बँकेकडे जायचं ठरवलं तर तिने दर कोटीच्या भावात बोलू नये. तिला दुसऱ्या वर्षासाठी आजच्या मोलात २९ कोटी एकरकमी हवेत, म्हणजे त्या वर्षाचं बजेट ४९ होईल. तेव्हा सर्वोत्तम निवड ३, ४, ५ आणि ६ ही होते आणि एनपीव्ही ८४. पहिला आणि नववा प्रकल्प, जे वीस कोटींच्या बजेटमध्ये निर्विवाद निवडले गेले होते, बाहेर जातात. वाढ १४ कोटींची आहे; कर्जाचं व्याज कंपनीच्या हिशेबातल्या दरापेक्षा जास्त पडत असेल तर तो जादा बोजा आजच्या मोलात १४ कोटींच्या आत राहिला पाहिजे. आणि ही निवड तीच आहे, जी फक्त यंदाचे ५० कोटी पाहणाऱ्या बैठकीने केली होती. फरक इतकाच की बँकेचा होकार आता पहिल्या वर्षाचा पहिला रुपया खर्च होण्याआधी लेखी हातात असावा लागेल, कारण पाचव्या प्रकल्पाचे तीस कोटी यंदाच जमिनीत जाणार आहेत.